कोंडाबाईंचं शेवटचं कडवं

कोंडाबाई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या, तेव्हा चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मला चूक म्हणून लिवणारा तूच का रे बाबा?"

मी तो नव्हतो. पण त्या का आल्या, ते मला कळलं होतं. मराठवाड्यात जुन्या रेकॉर्ड जमवणारी आम्ही थोडी माणसं आहोत. आमचा मोबाईलवर एक गट आहे. लातूरच्या अण्णारावांनी आदल्या आठवड्यात त्यावर एका छोट्या रेकॉर्डचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं: 'अत्यंत दुर्मीळ. लेबलवर चुकून गायिकेचं नाव छापलेली प्रत. बाकी सर्व प्रतींवर शाहीर लिंबाजी आणि पार्टी. मिसप्रिंट.' फोटोतल्या लेबलवर ठळक अक्षरांत नाव होतं, 'कोंडाबाई, भोकर'.

त्या कोंडाबाई आता नांदेडला माझ्या दारात उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. सोबत त्यांची नात धम्मप्रिया. ती एका शाळेत शिकवते. तिथल्या कुणीतरी तिला तो फोटो पाठवला होता.

"आजी दोन दिवस झाले नीट जेवली नाही, सर," धम्मप्रिया म्हणाली. "तुम्ही रेकॉर्ड पारखता असं कळलं, म्हणून आलो."

मी पतसंस्थेत हिशेब पाहणारा माणूस. निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. रेकॉर्ड पारखणं हा माझा रविवारचा नाद. अण्णारावांनी तीच रेकॉर्ड पाहायला मला बोलावलं होतं, कारण तिच्यासाठी एक गिऱ्हाईक तयार होतं आणि त्याला तिसऱ्या माणसाचा शेरा हवा होता. मी तसं सांगितलं.

"मग मी बी येते," कोंडाबाई म्हणाल्या.

"आजी, एवढ्या लांब एसटीनं?"

"एसटीनं न्हाई तर काय, त्या रेकॉर्डीवर बसून येऊ?"

लोहा, अहमदपूर करत आम्ही तिघं लातूरला निघालो. वाटेत त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांचा जन्म भोकरचा. लहानपणापासून आवाज मोठा. चौदा एप्रिलला आणि अशोक विजयादशमीला त्या गायच्या. शाहीर लिंबाजींनी त्यांना आपल्या गायन पार्टीत घेतलं. पार्टी गावोगाव फिरली. लातूरजवळच्या मुरुडला बाजाराच्या दिवशी गाणं झालं, तेव्हा लोक झाडांवर चढून बसले होते. मग एका लहान कंपनीनं पार्टीची रेकॉर्ड काढली. कंपनीचं नाव 'किन्नरी'. ती पुढं बुडाली. मुख्य गाणं कोंडाबाईंनी गायलं होतं, म्हणून लेबलवर त्यांचं नाव आलं.

"मग लोक पार्टीला कोंडाबाईची पार्टी म्हणायले," त्या म्हणाल्या. "शाहिराला ते गिळंना. त्याच गाण्याच्या पुढच्या रेकॉर्डीवर माझं नाव न्हाई. मी इचारलं, तर म्हणला, पहिली चूक झाल्ती, कंपनीनं सुधरली. मी त्याच दिशी पार्टी सोडली. आन् आता पन्नास वर्सांनं ह्यो अण्णाराव तेच म्हणून राहिला."

पार्टी सोडल्यावर त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग नांदेडच्या दवाखान्यात आयाची नोकरी केली, पोरं मोठी केली. गाणं सुटलं नाही, पण पार्टी पुन्हा केली नाही. स्वतःची रेकॉर्ड त्यांच्याकडे नव्हती. घरी वाजवायचं यंत्र नव्हतं, तर रेकॉर्ड कशाला ठेवायची, असं त्या म्हणाल्या.

"आजी, तो मजकूर बदलून काय होणार?" धम्मप्रियानं विचारलं.

उत्तर मी दिलं, कारण आमच्या या नादाची रीत मला माहीत आहे. एकदा एखाद्या रेकॉर्डवर 'मिसप्रिंट' असा शिक्का बसला, की पुढचा विकणारा तोच शब्द उचलतो, त्याच्यापुढचाही तोच. मूळ गोष्ट कुणी तपासत नाही. कोंडाबाईंचं नाव या जगात कायमचं चूक म्हणून राहिलं असतं.

"ऐकलंस?" कोंडाबाई नातीला म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

अण्णारावांचं दुकान गंजगोलाईच्या एका गल्लीत आहे. त्यांच्या वडिलांचा लग्नकार्यात लाउडस्पीकर लावायचा धंदा होता. मोठमोठे कर्णे अजून माळ्यावर उलटे पडलेत. धंदा बंद पडल्यावर वडिलांच्या रेकॉर्डी विकणं हाच अण्णारावांचा धंदा झाला. माणूस हुशार, बोलण्यात गोड, आणि भावाला पक्का.

गिऱ्हाईक आधीच येऊन बसलं होतं. निवृत्ती नाव, उदगीरचे, औषधांचं दुकान. ते फक्त चुकीच्या छपाईच्या रेकॉर्डी जमवतात. दोन्ही बाजूंना एकच लेबल लागलेल्या, उलटी लेबलं लागलेल्या, नाव चुकलेल्या. चूक लक्षात आली की कंपनी ती लगेच सुधारते, त्यामुळे चुकीच्या प्रती थोड्याच बाहेर पडतात. म्हणून त्यांना भाव.

मी कोंडाबाईंची ओळख करून दिली. अण्णाराव उभे राहिले, हात जोडले.

"मावशी! तुम्ही स्वतः? अहो, बसा, बसा. चहा सांगतो."

"चहा मागनं. आधी ते चूक म्हणून लिवलेलं पूस."

"मावशी, ती चूक म्हणूनच तर तिला किंमत आहे. ऐका जरा. रेकॉर्ड जुनी म्हणून महाग होत नाही. जुन्या तर माझ्याकडं ढिगानं आहेत, कुणी फुकट नेत नाही. कमी असली पाहिजे, आणि ती हवी असणारी माणसंही पाहिजेत. तुमच्या नावाची प्रत अख्ख्या लातूर-नांदेडात मला ही एकच दिसली. कंपनीनं न विकलेल्या परत मागवल्या आणि वितळवून त्यांच्याच दुसऱ्या रेकॉर्डी केल्या. तुमचं नाव चुकून लागलं हे तुमचं नशीबच म्हणायचं!"

"नशीब तुझं. नाव माझं हाय."

निवृत्ती घसा साफ करत म्हणाले, "आधी प्रत तर बघू द्या. साहेब, बघा तुम्ही."

मी रेकॉर्ड पाकिटातून काढली. कडेला अंगठा आणि मध्ये लेबलवर बोटं, खाचांना हात लावायचा नाही. पाकीट तीन बाजूंनी उसवलेलं, वर रेकॉर्डचा गोल उमटलेला. त्याचा दर्जा वेगळा धरायचा. रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत धरून फिरवली. वाकलेली नव्हती. मग दारातल्या उजेडात तिरकी धरली, कारण समोरून पाहिलं तर प्रत्येक रेकॉर्ड चांगली दिसते. बारीक केसासारखे ओरखडे बरेच होते. एक लांब होता. त्यावर अलगद नख फिरवलं, लागलं. नखाला लागणारा ओरखडा वाजताना टकटक करतो, न लागणारा बहुतेकदा ऐकू येत नाही. लेबलच्या भोकाभोवती करड्या रेघांचं जाळं होतं. यंत्राच्या खिळ्यावर बसवताना भोक चुकलं की तशी रेघ पडते. म्हणजे ही रेकॉर्ड खूप वाजली होती.

"काय म्हणता?" अण्णाराव म्हणाले. "व्हीजी प्लस?"

"व्हीजीच. तेही वाजवून पाहिल्यावर."

"व्हीजी म्हंजी काय?" कोंडाबाईंनी विचारलं.

धम्मप्रिया म्हणाली, "व्हेरी गुड, आजी. फार चांगली."

"तसं नाही," मी म्हणालो. "आमच्यात सगळ्यात वर मिंट, म्हणजे कोरी. मग निअर मिंट, मग व्हीजी प्लस, मग व्हीजी. व्हीजी म्हणजे खरखर ऐकू येणार, पण गाणं कळणार. त्याखाली गुड. गुड म्हणजे खराब."

"चांगली म्हंजी खराब, आन् खरं नाव म्हंजी चूक," कोंडाबाई म्हणाल्या. "लई शानी माणसं तुम्ही."

अण्णाराव हसले. निवृत्ती हसले नाहीत. ते मोबाईलच्या दिव्यात लेबलजवळचा गुळगुळीत पट्टा पाहत होते. तिथं साच्याचा नंबर कोरलेला असतो. आकड्याच्या शेवटी एक होता. अण्णारावांनी ढिगातून शाहिरांच्या नावाची साधी प्रत काढून दिली. तिच्यावर दोन होता.

"बघा," निवृत्ती म्हणाले. "एक म्हणजे आधीचा साचा, दोन म्हणजे नंतरचा. आधी चूक, नंतर दुरुस्ती. यात भांडण्यासारखं काय आहे?"

"मीच खरी पहिली, हे तर त्यातनं दिसतंय की," कोंडाबाई म्हणाल्या.

"पहिली आवृत्ती आहेच, आजी. पण चुकीची पहिली आवृत्ती."

नंबर त्यांचं म्हणणं खोडत नव्हता. कोणता साचा आधीचा एवढंच तो सांगतो. का बदलला, ते सांगत नाही. अण्णारावांना मधला मार्ग सुचला.

"असं करू. लिहू, 'पहिली आवृत्ती', आणि खाली कंसात 'मिसप्रिंट'. दोघांचं राहील."

"कंस काय हाय?"

"असं बारीक लिहायचं, मावशी."

"बारीक खोटं न्हाई चालत मला. मोठं बी न्हाई."

तेवढ्यात मला एक गोष्ट खटकली. दोन्ही रेकॉर्डी मी शेजारी धरल्या होत्या. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधला रिकामा पट्टा शाहिरांच्या प्रतीवर बराच रुंद होता. कोंडाबाईंच्या प्रतीवर खाचा लेबलच्या अगदी जवळ गेल्या होत्या. गाणं एकच, मग एकीवर ते आधी कसं संपतं?

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. कोंडाबाईंच्या प्रतीवर बाहेरच्या खाचा झिजून राखाडी पडल्या होत्या, आणि आतल्या काळ्याभोर, ओल्यासारख्या चकाकत होत्या. हे उलटं आहे. आतल्या खाचांत आवाज दाटीनं बसतो. जड सुई तिथंच जास्त खाते. इतकी वाजलेली रेकॉर्ड आतून कोरी राहूच शकत नाही.

मी ते अण्णारावांना दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, ही तर आमच्या बाबांची सवय! लग्नात आवाज खंडता कामा नये. गाणं थांबलं की पाहुणे ओरडायचे, स्पीकरवाला झोपला का म्हणून. म्हणून बाबा दोन यंत्रं ठेवायचे. इकडचं गाणं संपायच्या आधीच तिकडचं सुरू करायचे, आणि इकडची सुई उचलायचे. शेवटचं कडवं ते कधी वाजूच द्यायचे नाहीत. इथले सगळे स्पीकरवाले तसंच करायचे."

कोंडाबाई उठून उभ्या राहिल्या.

"शेवटचं कडवं?"

"हो, मावशी."

"लाव ते."

"सगळं गाणं लावतो की—"

"सगळं न्हाई. आधी शाहिराची लाव. शेवटाला लाव."

अण्णारावांनी यंत्र पुसलं, सुईवरची धूळ फुंकली आणि शाहिरांची प्रत चढवली. सुई मध्यावर ठेवली. कोरसमध्ये कोंडाबाईंचा तरुण आवाज सरळ वर चढत होता. तो कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. समोर उभ्या बाईच्या बोलण्यातली धार तीच होती. कोरस दोनदा झाला, आणि आवाज हळूहळू लांब जात विरून गेला. सुई रिकाम्या पट्ट्यावर आली.

"संपलं," निवृत्ती म्हणाले.

"संपलं न्हाई, संपवलं," कोंडाबाई म्हणाल्या. "आता माझी लाव."

त्यांची प्रत सुरुवातीपासून लावली असती तर खरखरच जास्त ऐकू आली असती. अण्णारावांनी तीही मध्यावर लावली. नखाला लागलेला ओरखडा टक, टक, टक करून मागं पडला. कोरस दोनदा झाला. सुई जिथं कायम उचलली जायची ती जागा आली असावी, कारण खरखर एकदम थांबली. दुकानात आवाज इतका स्वच्छ झाला की धम्मप्रियानं दचकून आजीकडं पाहिलं. ढोलकी उतरली आणि कोंडाबाई एकट्याच गायल्या:

'भोकरच्या माळावर उगवली पहाट,
कोंडाबाई गाते बाया, सोडू नका वाट.'

गाणं रचणारे शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणजे या गाण्याचे शब्दही कोंडाबाईंचेच होते.

रेकॉर्ड फिरत राहिली. सुई शेवटच्या वेढ्यात अडकून हलकी खटखट करत होती. अण्णाराव ती उचलायला पुढं झाले.

"राहू दे," कोंडाबाई म्हणाल्या. "आजवर लई उचलली."

मग त्या निवृत्तींकडं वळल्या. "कागदावर चुकून नाव पडतं बाबा, मी मानते. पण गळ्यातनं चुकून पडतं का? आन् चूक सुधरायची होती, तर कागद बदलून भागलं असतं. गाणं कापाय नवा साचा कशाला केला?"

नवा साचा म्हणजे गाणं नव्यानं कोरायचं, नव्यानं खर्च करायचा. लेबलची दुरुस्ती करायला कुणी ते करत नाही. नाव कागदावरून काढलं आणि मग खाचेतूनही काढलं. अशी गोष्ट नजरचुकीनं होत नाही, कुणाला तरी ती मुद्दाम हवी असते.

निवृत्तींनी शांतपणे चष्मा डब्यात ठेवला.

"म्हणजे हे मिसप्रिंट नाही."

"नाही," मी म्हणालो. "पहिली आवृत्ती आहे, कंपनीनं मागं घेतलेली. लेबल बरोबर आहे."

"मग माझ्या कामाची नाही. मी चुकाच जमवतो."

"चूकच पाहिजे तर ती घ्या की!" कोंडाबाईंनी शाहिरांच्या प्रतींच्या खोक्याकडं बोट केलं. "खोकंभर हायत."

निवृत्ती नमस्कार करून गेले. अण्णाराव दारापर्यंत त्यांच्या मागं गेले, थोडं बोलले आणि एकटेच परत आले. चेहरा उतरला होता.

"मावशी, गिऱ्हाईक घालवलंत माझं."

"मी कुठं घालवलं? खोट्याला आलं होतं, खऱ्याला थांबलं न्हाई."

"याच्यापेक्षा जास्त देणारा मला मिळणार नाही."

"न्हाई मिळाला तर ठेव तुझ्यापाशी. पण चूक म्हणून विकशील, तर मी दर ऐतवारी हितं येऊन बसंन. येणाऱ्या प्रत्येकाला गाऊन दाखवंन. अजून गळा हाय."

अण्णारावांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी मोबाईल काढला, जुना मजकूर पुसला आणि नवा टाईप करून धम्मप्रियाला वाचायला दिला. तिनं मोठ्यानं वाचला: 'पहिली आवृत्ती, नंतर मागे घेतलेली. गायिका आणि गीत: कोंडाबाई, भोकर. शेवटचं कडवं फक्त याच प्रतीत. प्रत व्हीजी, शेवटचा भाग कोऱ्यासारखा.'

"कंस न्हाई ना कुठं?" कोंडाबाईंनी विचारलं.

"नाही, आजी."

"मग आता चहा सांग."

चहा आला. तो घेता घेता अण्णारावांचा व्यापारी स्वभाव परत जागा झाला. त्यांनी ड्रॉवरमधून पेन काढला.

"मावशी, एवढी सही करा या पाकिटावर. गाणाऱ्याची सही असली की लोक हौसेनं घेतात."

त्यांचं बरोबर होतं. लेबलवर कुणी मालकानं नाव लिहिलं की प्रतीचा दर्जा उतरतो. कलावंतानं पाकिटावर केलेली सही मात्र वेगळी. कोंडाबाईंनी पेन घेतला, आपल्या नावाच्या रेकॉर्डकडं पाहिलं आणि ती बाजूला सरकवली.

"हितं छापलंय माझं नाव. हितं कशाला लिवू?"

त्यांनी शाहिरांच्या प्रतींचं खोकं पुढं ओढलं. पहिली रेकॉर्ड पाकिटातून काढली, मी धरली होती तशीच, कडेला धरून. आणि पाकिटावर नाही, थेट लेबलवर, 'शाहीर लिंबाजी आणि पार्टी'च्या वर, नोकरीत असताना गिरवून गिरवून शिकलेल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: कोंडाबाई, भोकर.

"मावशी, अहो लेबलवर नको! ती निअर मिंट आहे!"

"मग काय होईल?"

"दर्जा उतरेल! साहेब, सांगा ना."

"उतरेल," मी म्हणालो. "थोडा."

"उतरू दे," त्या म्हणाल्या आणि दुसरी रेकॉर्ड काढली.

अण्णाराव खोक्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांनी ते उचललं असतं तर कोंडाबाई काय करणार होत्या? त्या पेन धरून थांबल्या आणि वर बघत राहिल्या. अण्णारावांनी हात काढला. थोड्या वेळानं ते स्टूल ओढून शेजारी बसले आणि एकेक रेकॉर्ड पाकिटातून काढून त्यांच्यापुढं ठेवू लागले. शाई पसरू नये म्हणून लिहून झालेली धम्मप्रिया फुंकर मारून वाळवत होती.

"खाचेला बोट लावू नका हं, मावशी," अण्णाराव म्हणाले.

"न्हाई लावत. पुढची दे."

मी माझी पिशवी उघडली. जोडीला ठेवून पाहायला म्हणून घरची प्रत आणली होती. शाहिरांच्या नावाची, एकदाच वाजवलेली, डागही नसलेली. इतक्या वर्षांत मी तिच्यावर स्वतःचं नावसुद्धा घातलं नव्हतं. ती खोक्यातल्या रेकॉर्डींच्या रांगेत नेऊन ठेवली, आणि माझी पाळी यायची वाट बघत उभा राहिलो.